थोरलीचा नंबर, धाकटीचं नाव

दाताच्या दवाखान्यातल्या तीन खिडक्यांची मापं घेऊन धाकटी बसमध्ये चढली, तेव्हा टेप गळ्यात होती, खडू कानामागे होता, कापडाच्या नमुन्यांची गड्डी काखेत होती. फोन तेवढा कुठेच नव्हता.

पिशवी तिने तीनदा उपसली. तिसऱ्या वेळी तर नमुन्यांची एकेक चिंधी झटकून पाहिली, जणू फोन म्हणजे टाचणीच. शेजारच्या बाईने विचारलं, "काय शोधताय?" तर तिने नुसता हात कानाला लावून दाखवला. दवाखान्याच्या खिडकीत ठेवला होता का? की रस्ता ओलांडताना पिशवीच्या उघड्या कप्प्यातून घरंगळला? की बसच्या दारातल्या रेटारेटीत कुणी अलगद काढून घेतला? तिन्ही तिला एकदमच आठवू लागलं आणि तिन्ही खरं वाटू लागलं. उलट पावली दवाखान्यात गेली. तिथल्या मदतनीस मुलीने खिडक्या दाखवल्या, खुर्चीखाली वाकून पाहिलं आणि मान हलवली.

तिला सगळे धाकटीच म्हणत. घरात दोनच सुना. वरच्या मजल्यावर थोरली, खालच्या मजल्यावर ती. पडदे शिवायचं काम ती करायची आणि घराघरांतल्या खिडक्या तिला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त लक्षात राहायच्या. पण थोरलीशी चार महिने अबोला होता, तोही एका पडद्यावरूनच. थोरलीच्या बैठकीतल्या खिडकीचा पडदा चार बोटं आखूड झाला. पाहुण्यांसमोर थोरली म्हणाली, "गावाला लांब, घरच्याला आखूड." एवढंच. धाकटी तेव्हा हसली होती आणि खाली येऊन रडली होती. तेव्हापासून जिन्यात दोघी समोरासमोर आल्या की एकीला अचानक चप्पल नीट करायची असायची.

घराच्या तळाशी औषधांचं दुकान होतं. औषधवाला बोलका माणूस, गोळ्यांपेक्षा सल्ले जास्त द्यायचा. धाकटीचा चेहरा बघूनच त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"वहिनी, आधी बसा. फोन गेला ना? मग आता धावाधाव नंतर. आधी नंबर बंद करा. फोन गेला तर फोनच जातो, पण नंबर चालू राहिला तर त्या नंबरावर जे जे आहे ते सगळं दुसऱ्याच्या हातात. बँक आहे ना त्याच्यावर?"

"आहे की. गिऱ्हाईक त्यावरच पैसे टाकतात."

"मग कंपनीला लावा. हा घ्या माझा फोन. सांगा नंबर, मी लिहून देतो."

धाकटीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तिच्या नवऱ्याचा नंबर तिला पाठ होता, कापडवाल्याचा पाठ होता, शाळेचा सुद्धा. स्वतःचा? स्वतःला फोन कोण लावतो? गिऱ्हाइकाने नंबर मागितला की ती त्याचा घेऊन मिस्ड कॉल द्यायची. नवरा कारखान्यात, तिथे फाटकावरच फोन काढून ठेवतात, सुटेपर्यंत त्याच्याशी बोलणं नाही. मुलगी वाचनालयात. तिला अजून फोन घेऊन दिलेला नव्हता. शिक्षण संपून हाताला काम लागेपर्यंत नाही, असं धाकटीनेच ठरवलं होतं आणि आज त्याचा तिला पहिल्यांदा पस्तावा झाला.

"नंबर माहीत नाही?" औषधवाल्याने भुवया चढवल्या. "माझ्या सासूला पण माहीत नाही. पण ती नव्वदीची आहे."

"आहे, आहे. मशीनच्या खणात आहे."

सिमकार्ड घेतलं तेव्हाचं पाकीट तिने जपून ठेवलं होतं. ज्यातून कार्ड मोडून काढतात ती प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर नंबर छापलेला. बॉबिनच्या डबीखाली ते पाकीट होतं, तेलाच्या डागासकट. ते घेऊन ती धावतच खाली आली. औषधवाल्याने स्पीकर चालू केला. आधी बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगा बोलू लागला. त्याने नंबर विचारला, तिने पट्टीवरून वाचून दाखवला. त्याने पूर्ण नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला. सगळं जुळलं. "ठीक आहे, मॅडम. हा नंबर आम्ही आत्ता बंद केला आहे. नवीन सिमसाठी ज्यांच्या नावावर कार्ड आहे त्यांनी ओळखपत्र घेऊन आमच्या दुकानात यावं."

धाकटीने सुटकेचा श्वास टाकला. देव पावला म्हणाली. पाणी प्यायली. औषधवाल्याला वाटलं आपण एक मोठं काम केलं, म्हणून तो ढेकर दिल्यासारखा हुंकारला.

तेवढ्यात मुलगी आली. वाचनालयातून चालत आलेली, घामेजलेली. आईला दुकानात बसलेली पाहून थबकली. काय झालं ते ऐकलं आणि तिने आधी घड्याळ बघितलं.

"आई, आज शेवटचा दिवस आहे."

"कसला?"

"जागा पक्की करायचा. परिचारिका महाविद्यालयाची. पाच वाजेपर्यंत. काल रात्री तुला म्हटलं नव्हतं का, उद्या तुझा फोन लागेल? पक्की करताना ओटीपी येतो, तुझ्या नंबरवर. तोच दिलाय अर्जात."

धाकटीला काल रात्रीचं आठवलं. दाताच्या दवाखान्याचं कापड कापत असताना मुलगी काहीतरी म्हणाली होती आणि ती "हो, हो" म्हणाली होती.

"मग नंबर बंद केला म्हणजे..."

"म्हणजे ओटीपी येणार नाही. आणि पाचला पक्की केली नाही तर जागा पुढच्या मुलीला."

औषधवाला आता हुंकारला नाही. मुलीने काउंटरवरचा त्याचा फोन उचलला, "काका, एकदा लावून बघू का?" आणि त्याने मान हलवायच्या आत आईचा नंबर लावला. तिला तो पाठ होता.

फोन वाजला.

तिघं एकमेकांकडे बघू लागले. बंद केलेला फोन वाजत होता. एकदा, दोनदा, सबंध वाजून थांबला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा वाजला.

"आत्ताच तर बंद केला," धाकटी म्हणाली. "त्याने स्वतः सांगितलं."

"बंद व्हायला वेळ लागत असेल," औषधवाला म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

तेव्हाच जिन्यावर पावलं वाजली. थोरली खाली आली, हातात फोन. ती धाकटीकडे न बघता सरळ काउंटरशी गेली.

"अहो औषधवाले, बघा हो जरा. माझा फोन मेला. तासाभरापूर्वी चांगला होता, आता नेटवर्कच दाखवत नाही. आज यांचा फोन यायचाय. पुलाच्या कामावर रेंज नसते, आठवड्यातून एकदाच गावात येतात आणि फोन करतात. आजचा दिवस गेला तर आठवडाभर मला काळजी."

औषधवाल्याने फोन घेतला, उलटसुलट केला, बंद करून चालू केला. काही नाही. "सिम बंद दिसतंय," तो म्हणाला आणि सहज त्याची नजर काउंटरवरच्या पट्टीवर गेली. "वहिनी, तुमचा नंबर सांगा बरं."

थोरलीने घडाघडा सांगितला. शेवटचे आकडे तिच्या लग्नाच्या तारखेचे, म्हणून तिला तो आवडीने पाठ होता.

औषधवाल्याने पट्टी उचलून डोळ्यांजवळ धरली. मग थोरलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे. "हा तर तोच आहे."

धाकटीने पट्टी त्याच्या हातातून ओढून घेतली. खणातल्या पाकिटावर थोरलीचा नंबर कसा? चोरी केल्यासारखं तिला वाटलं. मग तिला जिना आठवला. त्या दिवशी दोघी मिळूनच सिम घ्यायला गेल्या होत्या, एकाच टेबलावर दोघींची ओळखपत्रं दिली, दोघींचे फोटो काढले. परत येताना जिन्यात थोरली म्हणाली, "अगं धाकटे, तुझ्या कार्डावर माझ्या लग्नाची तारीख आहे. दे ना मला." आणि दोघींनी हसत हसत कार्डं बदलली होती, वाटीभर साखर बदलावी तशी. नंबर बदलले, नावं तशीच राहिली. पाकिटंही तशीच राहिली.

"म्हणजे माझा फोन हिने बंद केला," थोरली म्हणाली. तेही औषधवाल्यालाच.

"मला काय माहीत," धाकटी पण त्यालाच म्हणाली. "सांगा यांना, मी माझा समजून केला."

"सांगा हिला, माझा होता."

"बायांनो," औषधवाला म्हणाला, "तुम्ही दोघी इथेच आहात. मला मध्ये घेऊ नका, माझं गिऱ्हाईक खोळंबलंय."

मुलगी मात्र काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी होती. "काकू," ती थोरलीला म्हणाली, "आईचा नंबर तुझ्या नावावर आहे. तो अजून चालू आहे, आणि फोन कुणाच्या हातात आहे माहीत नाही. तो तूच बंद करू शकतेस, आई नाही. करशील?"

थोरलीने त्या पोरीकडे पाहिलं. अंगाखांद्यावर खेळवलेली पोर. मग तिने फोनसाठी हात पुढे केला.

"लाव गं. मी बोलते."

पुन्हा तेच गाणं, पुन्हा नाव, जन्मतारीख, पत्ता. या वेळी थोरलीची. धाकटीचा खरा नंबर मुलीने सांगितला आणि तो बंद झाला. लगेच मुलीने बँकेच्या मदत क्रमांकावर लावून दिलं. तिथे धाकटीच बोलली आणि फोनवरचा व्यवहार बंद करून घेतला. "हे आधी करायचं होतं," औषधवाला म्हणाला. "मी विचारलं होतं." त्याने खरंच विचारलं होतं, पण आता ते कुणी मान्य करायच्या मनःस्थितीत नव्हतं.

"आता दोघीही चला," मुलगी म्हणाली. "आणि आई, फोनचा डबा घे. त्याच्यावर त्या हँडसेटचा वेगळा क्रमांक असतो."

पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करायला बसलेली शिपाई बाई शांत होती, पण तीसुद्धा गोंधळली.

"फोन कुणाचा?"

"माझा," धाकटी म्हणाली.

"सिम कुणाचं?"

"माझं," थोरली म्हणाली.

"हरवला कुणाकडून?"

"माझ्याकडून," धाकटी.

"मग तुम्ही कोण?" शिपाई बाईने थोरलीला विचारलं.

थोरलीने पदर सावरला. मग म्हणाली, "मी हिची जाऊ."

हे चार महिन्यांत ती पहिल्यांदा म्हणत होती, आणि म्हणताना धाकटीकडे तिने पाहिलंही. शिपाई बाईने लिहून घेतलं. चोरला की हरवला, असं विचारलं, तर धाकटी म्हणाली, "मला कळतच नाही." "कळत नसेल तर हरवला लिहिते. कुणी घेताना पाहिलं असतं तर चोरी." डब्यावरचा पंधरा आकड्यांचा क्रमांक तिने नोंदीत उतरवला. "या नोंदीची प्रत जपा. हिच्या आधारे फोनसुद्धा बंद करून घेता येतो. मग त्यात दुसरं सिम टाकलं तरी चालत नाही. सापडला तर परत चालू करता येतो."

सिम कंपनीच्या दुकानात गार हवा होती आणि भिंतीवर हसऱ्या कुटुंबांचे फोटो. काउंटरवरच्या मुलीने दोघींची ओळखपत्रं घेतली, संगणकात बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"तुमचा नंबर यांच्या नावावर, यांचा तुमच्या नावावर?"

"बहिणी बहिणी करतात तसं," थोरली म्हणाली.

"असं करू नका हो. उद्या या नंबरावरून काही झालं तर ज्याच्या नावावर आहे त्याला विचारतात. नावं बदलून घ्या. पण त्याला दोघींना सोबत यावं लागेल, दोघींच्या सह्या लागतात."

"आत्ता?"

"आत्ता नाही. आत्ता आधी कार्डं चालू होऊ देत."

थोरलीचा फोटो काढला, अंगठा घेतला, पोलिसांच्या नोंदीची प्रत लावली. धाकटीच्या नंबराचं नवं कार्ड थोरलीच्या सहीने मिळालं. त्या मुलीने ते पाकीट धाकटीच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "दोन-तीन तासांत चालू होईल. पण पहिले चोवीस तास मेसेज येणार नाहीत. फोन येतील, जातील. मेसेज नाही."

मुलीचा हात आईच्या हातातून गळून पडला. "ओटीपी मेसेजनेच येतो."

"म्हणूनच तर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "कुणी दुसऱ्याच्या नावाने नवं कार्ड काढून ओटीपी चोरू नये म्हणून नियम आहे. मी बदलू शकत नाही, ताई."

धाकटी खुर्चीत बसली. तिला वाटलं, माझ्या एका ढिल्या कप्प्यामुळे पोरीचं वर्ष गेलं. कापड कापताना हो हो म्हणत होते, त्याची शिक्षा. डोळे भरून आले, पण रडायला लाज वाटली, म्हणून तिने गळ्यातली टेप काढून गुंडाळायला सुरुवात केली. टेप अजून गळ्यातच होती हे तिला तेव्हाच कळलं.

"आणि माझं?" थोरली म्हणाली.

"तुमचं कार्ड तुमच्याकडेच आहे ना? ते फक्त बंद केलेलं आहे, नवं काढायची गरज नाही. यांनी बंद केलं, यांच्याच ओळखपत्राने उघडते. त्याला मेसेजचा नियम नाही. नेटवर्क आलं की सगळं पूर्वीसारखं."

धाकटीच्या मुलीने हळूच मान वर केली. "काकू," ती म्हणाली.

"कळलं," थोरली म्हणाली. "उठा आता. बसून काय होणार?"

महाविद्यालयाच्या मदत खिडकीवर रांग होती. खिडकीतला कारकून चष्म्यावरून बघायचा आणि प्रत्येकाला "पुढे" म्हणायचा. मुलीचं ओळखपत्र, अर्जाची छापील प्रत, पोलिसांच्या नोंदीची प्रत, सगळं त्याने चाळलं.

"नंबर बदलता येतो," तो म्हणाला. "पण घरातल्या माणसाचा द्या. शेजाऱ्याचा चालणार नाही."

"काकूचा आहे," मुलगी म्हणाली.

"सख्ख्या?"

"सख्ख्या," थोरलीने उत्तर दिलं, इतक्या ठामपणे की कारकुनाने पुढचं विचारलं नाही. "पण थांबा, नेटवर्क नाही अजून."

तिघी थोरलीच्या फोनकडे बघत उभ्या राहिल्या. वरच्या कोपऱ्यात रिकामी खूण. रांगेतली माणसं चुळबुळू लागली. कारकून म्हणाला, "बाजूला व्हा, आलं की या." भिंतीवरच्या घड्याळाकडे धाकटीने पाहिलंच नाही. ती मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होती, नेहमीचंच स्तोत्र, पण शब्द उलटे येत होते आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मग खुणेत एक रेघ आली. मग दुसरी.

मुलगी रांग तोडून खिडकीशी गेली. रांगेतला एक बाप काहीतरी बोलणार होता, पण त्याने पोरीचा चेहरा बघितला आणि बाजूला सरकला. कारकुनाने नंबर बदलला. "आता शेजारच्या संगणकावर जा, मेसेज येईल."

खिडकीशेजारच्या संगणकावर मुलीने अर्ज उघडला. पक्की करा, असं बटण दाबलं. थोरलीने फोन डोळ्यांसमोर धरला, चष्मा घरी राहिला होता म्हणून हात लांब करून. आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला.

पडद्यावर तिच्या नवऱ्याचं नाव होतं. तो गावात आला होता. आठवड्यातला एकुलता एक फोन.

थोरलीने एक क्षण तो वाजू दिला. मग कापून टाकला.

"काकू, त्यांचा होता," मुलगी म्हणाली.

"माहीत आहे. नंतर करतील. तू बघ, तो मेसेज आलाय खाली. मला आकडे दिसत नाहीत, धाकटे, तू वाच."

धाकटीने वाचले. चुकू नये म्हणून प्रत्येक आकडा दोनदा वाचला. मुलीने दाबले. संगणकाच्या पडद्यावर थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग जागा पक्की झाल्याची ओळ आली. कारकुनाने "पुढे" म्हटलं. त्याच्यासाठी एवढंच होतं.

बाहेर पायऱ्यांवर थोरलीने नवऱ्याला परत फोन लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला.

"कापला का?" तिकडून आवाज आला. तो इतका मोठा होता की धाकटीलाही ऐकू आला. "काय झालं? बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. पोरीला जागा मिळाली. थांबा, धाकटीशी बोला. सगळं तीच सांगेल, तिनेच घोटाळा केलाय."

धाकटीने फोन घेतला. भावजींना काय सांगावं, कुठून सुरू करावं, तिला सुचेना. जिन्यातल्या कार्डांपासून की बसपासून? ती म्हणाली, "भावजी, वहिनींचा फोन मी बंद केला होता." आणि मग तिलाच हसू आलं.

घराशी पोहोचल्यावर औषधवाल्याने दुकानातूनच विचारलं, "झालं का?" मुलीने अंगठा दाखवला. थोरली जिना चढू लागली. तिसऱ्या पायरीवर थांबली.

"नावं बदलायला कधी जायचं? दोघींना सोबत जावं लागतं म्हणाली ती."

"उद्या जाऊ," धाकटी म्हणाली. "माझे मेसेज सुरू झाले की."

"बरं." थोरली आणखी एक पायरी चढली. "आणि येताना ती टेप घेऊन ये वर. त्या पडद्याची चार बोटं अजून तशीच आहेत."

धाकटीने गळ्याला हात लावला. टेप तिथे नव्हती. ती सिम कंपनीच्या दुकानात, खुर्चीवर, नीट गुंडाळून ठेवलेली राहिली होती.